पाच भाग आणि एक सैल हात

पौडच्या एसटी स्टँडवर बरेच दिवस एक बातमी फिरत होती. जैनबबी बांगडीवाली मुंबईच्या टीव्हीवाल्यांना मालिका लिहून देते म्हणे. पानाच्या टपरीवर ही बातमी निघाली तेव्हा तिला नुसती शेपटी होती. पिठाच्या गिरणीत पोचेपर्यंत चार पाय फुटले. "म्हैन्यातनं एकदा काळ्या काचंची गाडी येती. बाई खाली उतरती, वही घिऊन जाती. म्या माज्या डोळ्यांनी बघितलं," असं गिरणीवाला शपथेवर सांगायचा. रत्नाबाई भाजीवाली तर त्याच्याही पुढं. एका मालिकेतली सासू अचानक जिन्यावरून पडली, ती जैनबबीच्याच हुकमानं पडली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "तिचं आन् त्या सासूचं कायतरी बिनसलं आसंल," ती कोथिंबिरीवर पाणी मारत म्हणायची.

यातलं खरं एवढंच. काळ्या काचेची गाडी कासार आंबोलीच्या एका बंगलेवाल्यांची, आणि त्यातली बाई बांगड्या भरायला यायची. वही होती, पण ती मापांची. कुठल्या गावच्या कुठल्या बाईच्या हाताला सव्वादोन लागतात आणि कुणाला अडीच, एवढंच तिच्यात लिहिलेलं. जैनबबी चौथी शिकलेली. त्या वहीपलीकडं तिनं जन्मात काही लिहिलं नाही. टीव्हीची एकच मालिका तिच्या हातून गेली, ती मुंबईची नव्हे, पौडचीच, आणि तिचे सगळे मिळून पाच भाग झाले. पाच-पाच मिनिटांचे.

ही गोष्ट दोन हजार सात सालची, दिवाळी तोंडावर आलेली तेव्हाची, आणि मी ती जवळून बघितलेली. ती सुरू झाली जुईलीपासून.

जुईली बंडोपंतांच्या केबलच्या हापिसात कामाला. बंडोपंतांनी पौडात केबल आणली तेव्हा ती पाळण्यात नसली तरी परकरात होती. आता बावीस वर्षांची झालेली. पंतांचं स्वतःचं एक गावापुरतं चॅनल होतं. त्यावर रोज संध्याकाळी अर्धा तास जुईलीचा. कुठं रस्ता खचला, कुणाच्या पोरीनं दहावीत नाव काढलं, कुठं हळदीकुंकू झालं, ते ती हातात माईक धरून सांगायची. कॅमेरा तिचाच, माईक तिचाच, कॉम्प्युटरवर कापाकापीही तिचीच. घरी बाप म्हणायचा, "ह्ये बंद पडलं की गप हिंजवडीला फोन उचलायच्या कामाला जायाचं." जुईलीला फोन उचलायचे नव्हते. तिला सांगायचं होतं.

आणि पंतांनी तेच बंद करायचं काढलं. खुर्चीत मागं रेलून, अडकित्त्यात सुपारी धरून ते पुणेरी शांतपणानं म्हणाले, "हे बघ जुईली, तुझं चांगलं आहे, पण बघतं कोण? परवा तुझा कार्यक्रम चालू असताना अर्धा तास केबल बंद होती. किती फोन आले सांग."

"किती?"

"एक. तोसुद्धा तुझ्या आईचा."

पंतांचं हे जुनं माप होतं. केबल तुटली की किती फोन येतात, त्यावरून ते चॅनलची किंमत ठरवायचे. बंगल्यांचे प्लॉट विकणारा एक जण तो अर्धा तास मागत होता. रोज तेच ते हिरवं लॉन आणि तोच तो पांढरा घोडा दाखवायला. पंतांना घोडा आवडला नव्हता, पण तक्रारही येणार नव्हती.

"एक आठवडा द्या काका," जुईली म्हणाली. "सोमवार ते शुक्रवार, रोज पाच मिनिटांची गोष्ट करते. पाच भागांची. शेवटी असं तोडते की लोक उद्याची वाट बघतील."

अडकित्ता कचकन मिटला. "शुक्रवारी पाचवा भाग संपल्यावर हा फोन वाजला, तर अर्धा तास तुझा. नाही वाजला, तर सोमवारपासून घोडा."

जुईलीनं रात्रीत गोष्ट लिहिली, कॅलेंडराच्या मागच्या कोऱ्या बाजूला पाच चौकोन आखून. तिच्यात अकरा पात्रं होती. एक जुळा भाऊ होता. साप होता. दारावर थाप होती. शेवटी नायिका जागी होते आणि सगळं स्वप्न असतं, हेही होतं. घरातल्या दृश्यांसाठी तिला बांगड्या हव्या होत्या, म्हणून कॅलेंडर बगलेत मारून ती स्टँडजवळच्या जैनबबीच्या दुकानी गेली. दुकान म्हणजे लाकडी मांडणी, वर ताडपत्री, पुढं दोन पाट. एका पाटावर जैनबबी, एकावर गिऱ्हाईक. आतल्या अंगाला तिचा नवरा अल्लाबक्ष माळेत बांगड्या ओवत बसलेला. त्याला दिसायचं कमी, पण काचेच्या नुसत्या आवाजावरून तडकलेली बांगडी तो बाजूला काढायचा.

"नाटक करतीस व्हय?" जैनबबीनं विचारलं. "सांग की मग. आयकू दे."

जुईलीनं सांगितलं. समोर पाटावर तुळजाबाई बसलेली, भुकूमची, हाताची हाडं जाड, अडीचच्या बांगड्यांना तिचा अंगठा अडायचा. जैनबबी तिची बोटं जुळवून हात दाबत होती आणि कान जुईलीकडं. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात चुलीमागून साप निघाला तशी तुळजाबाई "अगं बया" करून दचकली आणि बांगडी कडकन फुटली.

"बघ," जैनबबी काच झाडत म्हणाली. "तुज्या सापानं माजी बांगडी खाल्ली."

"म्हणजे चांगलंच की चाची! घाबरल्या त्या."

"घाबरली. घाबरलं की हात आवळतो, पोरी. मूठ होती. मुठीत बांगडी जात न्हाई." तिनं तुळजाबाईचा हात पुन्हा मांडीवर घेतला. "आता ह्ये बघ. तुळजे, तुज्या शेजारची ती चंद्रा. तिची सून रोज चार वाजता शिवणाच्या क्लासला जाती, हाय ना? काल म्हनं ती क्लासवाली बाईच चंद्राच्या दारात आली. इचारती कशी, 'आवं, तुमची सून पंधरा दिस झालं क्लासला का येत न्हाई?' आन् तेवढ्यात सून आली आत. पिशवी ठेवली खाली. म्हनती, 'आत्याबाई, आज क्लासात काजं शिकवली.'"

तुळजाबाईचं तोंड उघडं राहिलं. "आन् मग?"

तिच्या हाताची बोटं नकळत लोंबली, अंगठा तळव्यात गेला, आणि जैनबबीनं डझनभर बांगड्या एका दमात मनगटावर चढवल्या. तुळजाबाईला कळलंसुद्धा नाही.

"सैल पडला," जैनबबी जुईलीला म्हणाली. "ह्ये उत्सुक हाताचं लक्षण. गोष्ट लागली की हात सैल पडतो. तीस वर्सं ह्याच्यावरच भाकरी खाती मी."

"पण चंद्राची सून कुटं जाती ते सांग की!" तुळजाबाई पाटावरून उठेना.

"पुडच्या बाजारी."

हे तिचं नेहमीचं होतं. ती गावोगाव हिंडायची, आठवड्याच्या त्याच वाराला त्याच गावी, आणि गोष्ट तिथूनच पुढं न्यायची जिथं मागच्या वाराला सोडली होती. बायका बांगड्या फुटायची वाट बघत नसत. गोष्टीसाठी येत आणि मग आलेच आहे तर म्हणून भरून जात. चंद्राची सून अर्थातच खोटी होती. चंद्राला मुलगाच नव्हता, हे तुळजाबाईला निम्म्या रस्त्यात आठवलं असणार.

जुईली पाटावर बसली आणि कॅलेंडर पालथं केलं. "चाची, मला मदत कर."

"आदी ही जत्रा कमी कर. पाच दिसांत अकरा मान्सं? नावं सांगता सांगता शुक्रवार यील. किती मिनटं म्हनलीस?"

"पाच."

"पाचातलं अर्दं मिनिट आदल्या दिसाचं सांगण्यात जानार."

"ते कशाला?"

"लाईटच्या पायी! सोमवारी पिरंगुटात लाईट आसती तर मंगळवारी नसती. ज्याचा कालचा भाग गेला त्यानं काय करायचं? दोन वाक्यात कालचं सांगायचं. आन् टायम काय ठरवलाय?"

"साडेसात."

"साडेसातला कासार आंबोलीत काळोख आसतो, आन् जिथं लाईट हाय तिथं बाई चुलीपाशी आसती. आठला लाईट येती, आठपतूर भाकऱ्या व्हत्यात. आठ-दहाला लाव."

असं करत करत दोन दिवसांत नवी गोष्ट उभी राहिली, रोज दोन-तीन गिऱ्हाइकांच्या मनगटांवर तपासून. पात्रं तीनच. सासू, सून आणि वडापच्या भाडोत्री जीपचा ड्रायव्हर. पाचही भागांत तीच तिघं. प्रश्न एकच, सून रोज चार वाजता जाते कुठं? मालिकेचं नावच 'चार वाजता'. पहिला भाग क्लासवालीपाशी (तिचा दाराबाहेरून नुसता आवाज) तुटणार, काजं शिकवल्याच्या वाक्यावर. दुसऱ्यात सासू मागोमाग जाते, सून जीपमध्ये पुढच्या सीटवर चढते, आणि जीप सडकेला न लागता ओसाड माळाकडं वळते. चौथ्यात सासू ड्रायव्हरला गाठते. तो म्हणतो, मला शपथ घातलीय. पण त्याच्या खिशातून एक कागद पडतो, त्यावर सुनेच्या अक्षरात पत्ता, कासारसाईचा. सासूच्या स्वतःच्या लेकीचा, जिचं तीन वर्षं तोंड बघितलेलं नाही. पाचव्यात उलगडा. सून जीप शिकत होती, अबोला धरलेल्या सासूला स्वतः गाडी चालवून लेकीच्या दारी न्यायला. शेवटी सासू कासारसाईच्या दाराची कडी वाजवते, आतून कडी निघाल्याचा आवाज येतो, सासूचा चेहरा, आणि तिथंच खलास.

"रोज एक परस्न मिटवायचा आन् त्याच्याहून मोटा उगडायचा," जैनबबीनं बजावलं. "मिटवला न्हाई तर बाई म्हनती, ही नुसती फिरवती. उगडला न्हाई तर म्हनती, झालं, चला निजू."

तिसराच भाग काही केल्या जमेना. जुईलीला साप सोडवत नव्हता. ती म्हणाली, मधल्या दिवशी काहीतरी जोरदार पाहिजे. साप शेवटी दोरी निघेल, मग काय बिघडलं?

"दोरी निगाली की चवथ्या दिवशी बाई हात देनार न्हाई," जैनबबी म्हणाली. पण जुईली हटली नाही, आणि साप राहिला.

चित्रण दोन रविवारांत उरकलं. सासू झाल्या हेमलताबाई, कासार आंबोलीच्या निवृत्त बालवाडीताई. घरही त्यांचंच. सून झाली मेधा, लातूरकडची, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला, हेमलताबाईंची भाडेकरू. ड्रायव्हरला सोंग घ्यायची गरजच नव्हती. जैनबबीचा भाचा मतीन खरंच वडापची जीप चालवायचा. मेधाला जैनबबीनं स्वतःच्या हातानं हिरवा डझन भरला. पहिल्या रविवारी पाचही भागांतली घरातली दृश्यं ओळीनं काढली, कारण एकदा खोली आवरून दिवे लावले की ती पुन्हा लावायची कुणी? दुसऱ्या रविवारी बाहेरची सगळी. मतीन कॅमेऱ्यापुढं आला की त्याच्या तोंडून सवयीनं "चला पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक" निघायचं. ते चार वेळा कापावं लागलं. सोमवारी मेधा कंपनीच्या ट्रेनिंगला बंगळूरला गेली, महिन्यासाठी.

शनिवारी दुपारी, म्हणजे पहिला भाग लागायच्या दोन दिवस आधी, जुईलीनं सगळे भाग जोडून जैनबबीला हापिसात बोलावलं. पंत बाहेर खांबावर ॲम्प्लिफायर बघायला गेलेले. मतीन दारात उभा. पहिला भाग झाला, जैनबबीनं मान हलवली. दुसरा लागला. माळावर जीप वळली, आत मेधाचा हात खिडकीच्या काठावर दिसला.

"थांबीव," जैनबबी म्हणाली.

जुईलीनं थांबवलं.

"हिच्या बांगड्या कुटं गेल्या?"

जुईली पडद्याजवळ सरकली. मेधाचा हात मोकळा होता. एकही बांगडी नाही. तिनं घाईघाईनं मागं नेलं. घरातून निघताना हातभर हिरवा चुडा. जीपमध्ये मोकळा हात. तिसऱ्या भागात घरी परत आल्यावर पुन्हा हातभर चुडा. चौथ्यात पुन्हा तेच.

"मला दिसलंच नाही," जुईली म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला. "मी फ्रेम बघत होते, चेहरे बघत होते..."

"सवाशीण बाईचा मोकळा हात," जैनबबी म्हणाली. "तालुक्यातली एकबी बाई गोष्ट बघनार न्हाई. समद्या मनगाट बघत बसतील."

पुन्हा चित्रण करायला मेधा नाही. ती आली तरी महिन्यानं, तोवर घोडा येऊन बसलेला असेल. जीपमधली दृश्यं काढून टाकावीत, तर दुसरा भागच जातो, आणि पाचवाही. जुईली खुर्चीत बसून राहिली. तिला हिंजवडीचा तो हॉल दिसायला लागला, जिथं ओळीनं मुली कानाला यंत्र लावून बसलेल्या असतात आणि कुणीच स्वतःचं काही सांगत नाही.

जैनबबीनं विचारलं, "पन काढल्या कशापायी तिनं? फोन लाव."

बंगळूरला फोन लागला. मेधाचा आवाज चकित, मागं कँटीनचा कलकलाट. "अगं, मतीनभाऊनं मला खरंच स्टिअरिंग धरायला लावलं ना पाचव्या भागासाठी. हात फिरवला की बांगड्या आपटत होत्या, एक तडकली. म्हणून काढल्या. माझा हात बारीक, पटकन निघाल्या. रुमालात बांधून जीपमध्येच ठेवल्या, समोरच्या कप्प्यात. सॉरी, सांगायला विसरले. काही घोळ झाला का?"

जुईलीनं फोन ठेवला आणि सांगितलं.

मग जैनबबीच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मतीन दारातून आत आला. "मावशी, काय झालं?"

"जीपमधी अजून हायती का बांगड्या?"

"आसतील की. कोन हात लावनार?"

"घिऊन ये." आणि जुईलीकडं वळून म्हणाली, "तुजा तिसरा भाग गावला. सापाला सोड रानात."

जुईलीला कळेपर्यंत दोन क्षण गेले. मग ती खुर्चीतून उठलीच. सून घरातून निघते तेव्हा हात भरलेले, जीपमध्ये मोकळे, घरी येताना पुन्हा भरलेले. म्हणजे ती रोज वाटेत बांगड्या काढते! का काढते? चूक नव्हतीच ती. दुसऱ्या भागापासून पडद्यावर सांडून ठेवलेला धागा होता, नुसता उचलायचा राहिलेला. आणि उत्तर पाचव्या भागात तयारच होतं. स्टिअरिंगवर काच फुटते.

"फक्त एक शॉट पाहिजे," जुईली म्हणाली. "सून जीपमध्ये असताना तिनं माळावर ठेवलेली पिशवी सासू उघडते, रुमाल निघतो, गाठ सोडते, आत सुनेचा चुडा. तिसरा भाग तिथं तोडायचा."

"आन् सासू बोलायची न्हाई कायबी," जैनबबी म्हणाली. "नुसत्या बांगड्या वाजू देत."

ते तसेच कासार आंबोलीला निघाले. हेमलताबाईंची ती साडी दोरीवर ओली, म्हणून नुसते हात घ्यायचे ठरलं. हात तेच, अंगठी तीच, पिशवी तीच. साप गेल्याचं कळल्यावर हेमलताबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. चुलीमागं ओरडायचं म्हणून मी चार दिवस आरशासमोर तोंडं करत होते, मोलकरीण काम सोडून चालली होती." त्यांनी रुमालाची गाठ सोडली. जुईली कॅमेऱ्यातून बघत होती. गाठ सुटली, हिरव्या बांगड्या रुमालावरून एकीवर एक घसरल्या आणि किणकिणल्या. हेमलताबाईंची बोटं त्यांच्यावर थबकली. जुईलीच्या लक्षात आलं, की आपलाच कॅमेऱ्याचा हात सैल पडलाय, आणि तिनं तो घाईनं आवळला. शॉट थोडा हलला. तो तसाच ठेवला.

सोमवारी आठ-दहाला 'चार वाजता' लागली. मंगळवारी सकाळी गिरणीत क्लासवालीची चर्चा, बुधवारी जीपची. कासार आंबोलीची एक म्हातारी जैनबबीला म्हणाली, "म्या आदीच बघितलं, जीपमधी तिच्या हातात कायबी न्हवतं." त्या रात्री तिसऱ्या भागात रुमाल सुटला आणि गुरुवारी पौडात दुसरा विषय नव्हता. रत्नाबाईनं दोन गिऱ्हाइकांना भाजी तोलता तोलता सुनेचं चालचलन सांगितलं, आणि एका सुनेनं तिथंच तिच्याशी भांडण काढलं. गुरुवारी अर्ध्या भागात लाईट गेली तेव्हा हापिसाचा फोन असा कडाडला की पंत धोतर सावरत धावले. "अहो, लाईट महामंडळाची आहे, माझी नाही!" ते सतरा वेळा म्हणाले. पण सतरा वेळा म्हणताना त्यांच्या मिशा हलत होत्या. शुक्रवारी सकाळी चौथा भाग पुन्हा दाखवला.

पण अट गुरुवारची नव्हती. शुक्रवारची होती.

शुक्रवारी आठला हापिसात पंत खुर्चीत, जुईली कॉम्प्युटरपाशी, जैनबबी बाकावर, अल्लाबक्ष तिच्या शेजारी कान देऊन, आणि फोनपाशी मी. पाचवा भाग सुरू झाला. सून स्टिअरिंगला बसलेली दिसली, मोकळा हात गोल फिरला. ती सासूला म्हणाली, "काच फुटते हो आत्याबाई, म्हणून काढून ठेवते." अल्लाबक्ष हसला, "फुटतीच." मग कासारसाईचं दार. कडी. सासूचा चेहरा. आणि अंधार.

फोन वाजला नाही.

एक मिनिट गेलं. पंतांनी फोनकडं बघितलं. जुईलीनं त्यांच्याकडं बघितलं. दुसरं मिनिट गेलं. जुईलीला वाटलं, चुकलंच. उघडं टाकायला नको होतं, मिटवून टाकलं असतं तर निदान लोक खूश तरी झाले असते.

"वाजत नाही," ती म्हणाली.

"घराघरात भांडत्यात," जैनबबी म्हणाली. "दम धर."

तेवढ्यात पंतांच्या हातातली सुपारी खाली पडली. अडकित्ता मांडीवर तसाच उघडा, बोटं सुटलेली, नजर अजून काळ्या पडद्यावर. "मी काय म्हणतो," पंत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दार जावयानेच उघडलं असणार. लेक इतक्या लवकर नाही उघडायची."

जैनबबीनं जुईलीला कोपरानं ढोसलं आणि पंतांच्या हाताकडं डोळ्यांनी दाखवलं. जुईलीला हसू आवरेना, आणि हसताना डोळेही भरले. डोक्यावरून पाण्याचा हंडा उतरवल्यासारखं वाटलं तिला.

मग फोन वाजला. आणि वाजतच राहिला. पहिला पिरंगुटच्या एका माणसाचा, घसा खाकरत. "आमच्या घरातनं म्हनत्यात, म्हंजी मला कायबी न्हाई, पन आमच्या घरातनं म्हनत्यात, नातवानंच दार उघडलं." दुसरी बाई म्हणाली, लेकीनंच, आणि गळ्यात पडली, लिहून घ्या. तिसरी म्हणाली, विहीणबाईंनी, आणि आता महाभारत होणार. साडेनऊला पंतांनी रिसिव्हर बाजूला काढून ठेवला, सुपारी शोधली आणि म्हणाले, "जुईली, घोड्याला सांगून टाक, जागा नाही."

जुईली जैनबबीच्या दुकानी अजून जाते. नवी गोष्ट सुचली की आधी पाटावर सांगते आणि मनगटं बघते. गाडीची आणि काळ्या काचेची बातमी ह्याच आठवड्यानंतर निघाली, आणि जैनबबीनं ती कधी खोडली नाही. "फिरू दे. लोकं हात पुडं करत्यात तवर," एवढंच म्हणते.

राहता राहिली माझी आणि जैनबबीची पैज. गुरुवारी मी तिला म्हणालो होतो, पाचव्या दिवशीसुद्धा दार उघडं ठेवलंस, तर लोक शिव्या घालतील. पौडातल्या कुणाचाही आवाज मी काढतो, जैनबबीचा तर झोपेतही, आणि रत्नाबाईच्या आवाजात त्या शिव्या कशा असतील ते मी तिला तिथंच करून दाखवलं. ती म्हणाली, "शिव्या न्हाई घालनार. दार कुनी उगडलं ते इचारनारबी न्हाईत. आपल्यालाच सांगतील. लाव पैज." शुक्रवारी मी फोनपाशी वही घेऊन बसलो होतो. एक्केचाळीस फोन, एक्केचाळीस उत्तरं, शिवी एकही नाही.

पैज हरलो, म्हणून ठरल्याप्रमाणं पुढच्या बाजारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी तिच्या मांडणीशेजारी उभा राहून "बांगड्या घ्या, बांगड्या" ओरडलो. अट एकच होती, कुणाचाही आवाज न काढता, स्वतःच्या आवाजात. दुपारपर्यंत तो मला सापडलाच नाही.